गाडीतल्या रेडिओवर रात्री ऐकलेलं गाणं शोधून द्याल का? (कात्रजच्या बोगद्याआधी)

वळणवाट

आठवडाभर एक गाणं डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढते आहे.

साताऱ्याहून पुण्याला येत होते. गाडी मी चालवत होते, आई शेजारी. पाऊस होता. खेड-शिवापूरचा टोलनाका सोडल्यावर गाडीतला रेडिओ १०१ वर लावला. एक गाणं संपत आलं होतं, मग निवेदिका हळू आवाजात रात्रीबद्दल, अंधाराबद्दल काहीतरी सुंदर हिंदीत बोलली आणि हे गाणं लागलं. बाईचा आवाज, संथ चाल, फार उदास. आई म्हणाली, "आवाज वाढव गं", आणि पुढे गाणं संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंतर तिला विचारलं तर म्हणते, माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या घरी ही तबकडी सारखी वाजायची, पण शब्द आठवत नाहीत.

शब्द मला पण धड आठवत नाहीत. समोर ट्रकच्या दिव्यांकडे लक्ष होतं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी "याद आएगी" किंवा "याद आएगा" असं येत होतं. गाणं संपल्यावर निवेदिका "संगीतकार... अपनी बेटी के नाम पर..." असं काहीतरी सांगत होती आणि तेवढ्यात कात्रजचा नवा बोगदा आला, नुसती खरखर. बाहेर पडलो तर गावांची आणि माणसांची नावं वाचणं चाललं होतं, म्हणजे फर्माईशचा कार्यक्रम. गाडीतलं घड्याळ पावणेअकरा दाखवत होतं.

"याद आएगी" टाकून शोधलं तर शेकड्यांनी गाणी येतात. कुणाला काही सुचतंय का?

पक्का_पेठेतला

कात्रजच्या बोगद्यात एफएम जाणारच, त्यात रेडिओचा दोष नाही. तरी बोगद्याच्या आधीपासून खरखर असेल तर छतावरची एरियल तपासून घ्या. माझ्या गाडीची बुडाशी सैल झाली होती, ती घट्ट पिळल्यावर शिरवळपर्यंत १०१ स्वच्छ लागायला लागलं.

वळणवाट

धन्यवाद, एरियल बघते. पण मला गाणं हवं आहे हो.

तात्या_मिरजकर

ताई, जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं नेहमी सैगलचं असायचं, हा शिरस्ता होता. आम्ही सैगल लागला की दप्तर उचलायचो, म्हणजे आठ वाजले. तुमचं गाणं कार्यक्रमाच्या शेवटी लागलं असेल तर सैगलच्या काळातलं, म्हणजे १९४७ च्या आधीचं धरा. गायिका नूरजहाँ, अमीरबाई किंवा जोहराबाई. त्या काळात शोधा.

जुना_श्रोता

तात्या, तुमची आठवण खरी आहे, पण ती रेडिओ सिलोनची आणि सकाळची. साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांची गाणी आणि आठच्या आधी सैगल. हे रात्रीचं विविध भारती आहे, तिथे तो नियम लावता येत नाही.

वळणवाट, तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. त्या सुटल्या तर गाणं सापडायला सोपं जाईल. फर्माईशच्या कार्यक्रमात निवेदकाला नावं वाचायची असतात. गाव, मग तिथली सात-आठ नावं, मग दुसरं गाव, मग चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार आणि लगेच गाणं. तिथे रात्र आणि अंधार यांवर बोलायला सवड नसते, संगीतकाराच्या मुलीची गोष्ट सांगायला तर नाहीच. तसं बोलणं छायागीतमध्ये चालतं. तिथे निवेदक स्वतः लिहून आणतो, एखादा विषय धरतो आणि त्यावर अर्ध्या तासात पाच-सहा गाणी ओवतो.

विविध भारतीवर दहा वाजता छायागीत आणि साडेदहाला आपकी फरमाइश, हा क्रम वर्षानुवर्षांचा आहे. म्हणून मला वाटतं, तुम्ही दोन कार्यक्रमांचा सांधा ऐकलात. पण मग बोगदा साडेदहाच्या आसपास यायला हवा आणि तुमचं घड्याळ पावणेअकरा म्हणतंय. ते घड्याळ बरोबर आहे का?

वळणवाट

गाडीतलं घड्याळ मी कधी लावलेलं नाही. बॅटरी बदलली तेव्हा गॅरेजवाल्याने लावलं असेल तेवढंच. आत्ता फोनशी ताडून बघते.

...बारा मिनिटं पुढे आहे!

जुना_श्रोता

मग पावणेअकराचे दहा तेहतीस झाले. अजून नेमकं करता येईल. टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापल्याचा संदेश आला असेल, त्यात तारीख आणि वेळ दोन्ही असतात.

गणपुले_

संदेशाच्या वेळेवर जाऊ नका. तो कधीकधी अर्ध्या अर्ध्या तासाने येतो. फास्टॅगच्या खात्यात जाऊन व्यवहाराचा तपशील उघडा. नाक्यावरच्या यंत्राने टॅग वाचला ती वेळ वेगळी लिहिलेली असते, पैसे कापल्याची वेगळी. पहिली घ्या. माझे एकदा दोनदा पैसे कापले गेले होते, तेव्हा भांडून परत मिळवताना हे कळलं.

वळणवाट

बघितलं. १९ जुलै, खेड-शिवापूर, टॅग वाचल्याची वेळ २२:१७. संदेश २२:३१ ला आलाय, म्हणजे गणपुले म्हणतात ते खरं. नाक्यापासून बोगद्यापर्यंत पावसामुळे हळूच आले, बारा-तेरा मिनिटं लागली असतील. म्हणजे बोगदा दहा एकोणतीस-तीसला!

जुना_श्रोता

म्हणजे सांधाच. तुमचं गाणं छायागीतमधलं शेवटचं, साधारण दहा पंचवीसला सुरू झालेलं.

आता पुढचा प्रश्न महत्त्वाचा. "बेटी के नाम पर" हे वाक्य झालेल्या गाण्याबद्दल होतं की येणाऱ्या गाण्याबद्दल? रेडिओवरची गाणी शोधताना सगळ्यात जास्त चूक इथे होते. दोन गाण्यांच्या मधलं बोलणं आपण आवडलेल्या गाण्याला चिकटवून टाकतो, आणि ते नेमकं पुढच्या गाण्याचं असतं. विविध भारतीवर तपशील बहुतेक वेळा गाण्याच्या आधी सांगतात, त्यामुळे धोका आणखी मोठा. बोगद्यात किती वेळ होता?

वळणवाट

मिनिटभर, फार तर सव्वा मिनिट. गाड्या हळू होत्या, पण थांबलो नाही.

जुना_श्रोता

मग ते वाक्य मागच्याच गाण्याचं. पुढच्याचं असतं तर बोगद्यातून बाहेर आल्यावर ते गाणं चालू असायला हवं होतं. मिनिटभरात अख्खं गाणं होऊन पुढच्या कार्यक्रमाची नावं सुरू होणार नाहीत. निवेदिकेने शेवटच्या गाण्याबद्दल दोन वाक्यं सांगितली, निरोप घेतला आणि फरमाइश सुरू झाली.

मोगरा

किती छान चाललंय हे! माझं पण एक गाणं अडकलंय, इथेच विचारू का? दोन वर्षांपूर्वी सकाळी मुलाला शाळेत सोडायला जाताना ऐकलं. पावणेआठच्या सुमारास, विविध भारतीच. पुरुषाचा आवाज, वाटेबद्दल, प्रवासाबद्दल काहीतरी. आधीचं गाणंही प्रवासावरचंच होतं. निवेदक मध्ये आयुष्य म्हणजे प्रवास वगैरे बोलले. शाळेचं फाटक आलं आणि गाडी बंद करावी लागली.

जुना_श्रोता

मोगरा, पावणेआठ, एकच विचार, मध्ये असं चिंतन, म्हणजे ते त्रिवेणी. पंधरा मिनिटं, एक विषय, तीन गाणी. तुमच्या गाण्याआधी एक झालं असेल तर हे दुसरं किंवा तिसरं. पण प्रवासावरची पुरुषांनी गायलेली गाणी म्हणजे समुद्र आहे. एखादा शब्द, एखादं वाद्य, काहीही आठवलं तर सांगा.

मोगरा

बासरी होती. की शीळ? शीळही असेल. तारीख तर अजिबात नाही सांगता येणार.

रानवारा

मुख्य गाण्याकडे येते. संगीतकाराने मुलीचं नाव घेतलं म्हणजे स्नेहल भाटकर, दुसरं कुणी असूच शकत नाही. खरं नाव वासुदेव भाटकर. मुलगी स्नेहलता, तिच्या नावावरून स्नेहल. आपल्या रमेश भाटकरांचे वडील. आणि गाणं म्हणजे 'फरियाद'मधलं सुमनताईंचं "हाल-ए-दिल उनको सुनाना था". संथ, उदास, रात्रीचं. झालं, सापडलं!

तात्या_मिरजकर

स्नेहल म्हणजे बाई नव्हे? मी इतकी वर्षं ती उषा खन्नांसारखी कुणी संगीतकार बाई समजत होतो. भाटकरबुवांची भजनं मी स्वतः समोर बसून ऐकली आहेत, पण ते आणि हे एकच, हे आज कळतंय. रानवाराताई, उपकार झाले.

वळणवाट

रानवारा, आत्ता लावून ऐकलं. फार गोड आहे, पण हे ते नाही. "याद" येत नाही यात. आणि त्या बाईचा आवाज असा नितळ नव्हता. जरा जड होता, किंचित घोगरा, खालच्या पट्टीत जास्त भरलेला. वर जाताना ओरखडा उठल्यासारखा व्हायचा, आणि त्यामुळेच तो आत घुसत होता.

जुना_श्रोता

रानवारांनी संगीतकार अचूक पकडला आहे. पण निवेदिकेच्या वाक्याने संगीतकार कळतो, गाणं नाही. भाटकरांच्या कुठल्याही गाण्याला ते वाक्य लागू पडेल. त्यांची गाणी समोर ठेवून बाकीच्या खुणा लावून बघू.

ते सुरुवातीला बी. वासुदेव या नावानेही संगीत देत. १९४७ चा राज कपूर-मधुबालाचा 'नील कमल' त्याच नावावर आहे. तो आणि १९४८ चा 'सुहाग रात', दोन्ही किदार शर्मांचे. त्यानंतर पुन्हा किदार शर्मांबरोबरच १९६१ चा 'हमारी याद आएगी' आणि १९६४ चा 'फरियाद'. आता 'हमारी याद आएगी' हे नाव नीट वाचा. तुम्हाला आठवणारे दोन शब्द त्या नावातच आहेत. किदार शर्मा गीतंही स्वतः लिहीत, आणि या चित्रपटाचं नाव त्यांच्याच गाण्याच्या पहिल्या ओळीत आहे.

गायिका मुबारक बेगम. गाणं "कभी तनहाइयों में यूँ". तुम्ही आवाजाचं केलेलं वर्णन वाचलं तेव्हाच मला खात्री वाटायला लागली होती. लता, आशा, सुमन यांच्यापैकी कुणाचंही तसं वर्णन कुणी करणार नाही.

पण ऐकायच्या आधी एक करा. आईंना हे नाव सांगू नका. त्यांना फक्त विचारा की गाण्यात आणखी काय होतं. नाव सांगितलं की माणूस "हो हो, हेच" म्हणतो. मी स्वतः एकदा असं चुकीचं गाणं सहा महिने बरोबर मानून बसलो होतो.

वळणवाट

मी अजून लावलेलं नाही. आई देवळात गेलीये, आली की विचारते.

हवेली_कर

पावसाळी रात्र होती ना? निवेदक हवामान बघून गाणी निवडतात. अंधार, पाऊस, म्हणजे बरसातीचं गाणं असणार. त्या दिशेने बघा.

रानवारा

कार्यक्रम मुंबईहून देशभर जातो हो. कात्रजला पाऊस असला म्हणून राजस्थानातही असेल असं नाही.

जुना_श्रोता

जुलैत निवेदक पावसाचा विषय घेतात हे मात्र खरं, हवेलीकर अगदीच चूक नाहीत. पण त्या रात्रीचा विषय वळणवाटांनी सांगितलाय: रात्र, अंधार. छायागीतमध्ये निवेदक गाण्याच्या तोंडाशी असं वाक्य ठेवतो की त्यातला शब्द पुढे गाण्यात उगवतो. म्हणून शब्द आठवत नसतील तर निवेदकाचे शब्द आठवावेत. मी सांगितलेल्या गाण्याच्या दुसऱ्याच ओळीत अंधार आहे. याहून जास्त सांगत नाही, आई येऊ देत.

वळणवाट

आई आली. विचारलं. डोळे मिटून बसली बराच वेळ. मग म्हणाली, "विजेचं काहीतरी होतं. वीज पडून राख होईल असं. मला तेव्हा भीती वाटायची त्या ओळीची. शेजारच्या काकूंना ते गाणं का आवडायचं कळायचं नाही."

मी म्हटलं, पावसाचं गाणं होतं का? तर म्हणाली, "छे, पाऊस नव्हता. कुणीतरी कुणाला शाप देतंय असं होतं."

आता लावू का?

जुना_श्रोता

लावा.

वळणवाट

लावलं. तेच आहे.

पहिल्या ओळीला नाही, पण "बिजली" आलं तेव्हा आईने माझा हात धरला. दुसऱ्या ओळीत अंधारही आहे, वीजही आहे. आणि तो ओरखडा, तोच. तिसऱ्यांदा ऐकतोय आम्ही आता. तिला त्या काकूंचं नाव आठवलं, त्यांच्या दारातला कडीपत्ता आठवला. काकूंच्या घरी ग्रामोफोन होता आणि पोरांना हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून ही सगळी पोरं पायरीवर बसून ऐकायची.

आई म्हणते, तुमच्या त्या जुन्या श्रोत्यांना माझा नमस्कार सांग. रानवारांनाही.

रानवारा

वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझा 'फरियाद' चुकला, पण भाटकर तरी बरोबर निघाले.

तात्या_मिरजकर

मुबारक बेगम! म्हणजे माझा १९४७ चा अंदाज चौदा वर्षांनी मागे पडला. पण वळणवाट, आईंच्या लहानपणाशी १९६१ जुळतं का, तेही बघून घ्या.

वळणवाट

आई १९५४ ची. सात-आठ वर्षांची असेल. जुळतं.

गणपुले_

एक शंका. जुना_श्रोता म्हणतात छायागीतमध्ये अशी माहिती चालते. मी ते पुष्कळ वर्षं ऐकतो. तिथे निवेदक काव्यमय बोलतात, गीतकार-संगीतकारांची नावं घेतात, पण मुलीच्या नावावरून नाव घेतल्याची गोष्ट सहसा सांगत नाहीत. ती भूले बिसरे गीतची पद्धत. त्या दिवशी काही विशेष होतं का?

जुना_श्रोता

शंका रास्त आहे आणि माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मुबारक बेगम गेल्या १८ जुलै २०१६ ला, आणि हा कार्यक्रम १९ जुलैचा. आदल्या दिवशी आठवण निघाली असेल आणि गाणं निवडलं गेलं असेल. पण मग निवेदिका गायिकेबद्दल बोलली असती, संगीतकाराबद्दल कशाला? की गायिकेबद्दल बोगद्यात बोलली आणि ते आपल्याला ऐकूच आलं नाही? त्या रात्रीचं छायागीत ज्याने पूर्ण ऐकलं तोच सांगू शकेल. इथे कुणी ऐकलं होतं का?

हवेली_कर

मी त्या रात्री ऐकत होतो, पण शेवटच्या गाण्याआधी झोप लागली. पहिली दोन गाणी रफींची होती एवढं नक्की.

मोगरा

वळणवाट, तुझ्या आईसाठी खूप आनंद झाला. माझ्या गाण्याचं बघा ना कुणी. नवऱ्याला विचारलं, तो म्हणतो मी त्या दिवशी घरी येऊन शीळ वाजवत होते. म्हणजे शीळच असणार, बासरी नाही. आणि शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, म्हणजे जून.

जुना_श्रोता

मोगरा, आता जरा हाताला लागतंय. त्रिवेणीत ते दुसरं होतं की तिसरं, हे ठरवता येतं का बघा. शाळेच्या फाटकाशी तुम्ही किती वाजता पोचायचात? शाळेची घंटा आठला होत असेल आणि तुम्ही रोज पाच मिनिटं आधी पोचत असाल, तर ते तिसरं गाणं. आणि त्याआधीचं प्रवासावरचं गाणं कुणाचं होतं, ते आठवतं का? एकाच विषयावर तीन गाणी निवडताना निवेदक बहुतेकदा तीन वेगळे आवाज घेतात. आधीचं गाणं किशोरचं असेल, तर हे किशोरचं नसण्याची शक्यता जास्त.

मोगरा

आधीचं किशोरचंच होतं! आणि घंटा आठला नव्हे, सात पन्नासला होते. मी पोचायचे सात पंचेचाळीस-सेहेचाळीसला. पण मग त्रिवेणी तेव्हा सुरूच होत असेल ना? आधीचं गाणं कसं झालं?

जुना_श्रोता

तेच म्हणतोय मी. आधी तुमच्या गाडीतलं घड्याळ फोनशी ताडून बघा.